पाककृतीखाली एकच शब्द: ‘स्केल’

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला फोनवर केकची एक पाककृती पाठवली. कुठून तरी उचलून जशीच्या तशी चिकटवलेल्या त्या मजकुराच्या खाली तिने स्वतःचा एकच शब्द लिहिला होता: ‘स्केल’. प्रमाण वाढवायचे आहे एवढे त्यावरून कळत होते, पण किती वाढवायचे आणि कशावरून, हे कळायला मार्ग नव्हता. मी विचारल्यावर उत्तर आले, “मावशी, वीस जण येणार आहेत. सगळंच अडीचपट करू का?”

‘सगळंच’ या शब्दापाशीच बहुतेकांचे गणित चुकते. पाककृतीतली प्रत्येक ओळ एकाच गोष्टीवर अवलंबून नसते. मैदा किती लागेल हे केकच्या वजनावर ठरते, भाजायला किती वेळ लागेल हे मिश्रणाच्या जाडीवर ठरते, टिनला बटर किती चोळायचे हे टिनच्या पृष्ठभागावर ठरते आणि भट्टीचे तापमान तर माणसे किती आहेत याची दखलही घेत नाही. म्हणून सगळ्या ओळी एकाच आकड्याने गुणण्यापूर्वी, त्यांतली कोणती ओळ कशाशी बांधलेली आहे हे पाहावे लागते. भाचीच्याच पाककृतीवर ते करून पाहू.

## चिकटवलेला मजकूर आधी दुरुस्त करावा

तिने पाठवलेला मजकूर असा होता:

मैदा 11/2 कप
साखर 1 कप
बटर 1/2 कप
अंडी 3
दूध 1/2 कप
बेकिंग पावडर 11/2 टीस्पून
मीठ 1/4 टीस्पून
व्हॅनिला 1 टीस्पून
8 इंची गोल टिन, 3500 फॅ., 30–35 मिनिटे

यात दोन गोष्टी मोडलेल्या आहेत. मूळ पानावर ‘1 1/2’ म्हणजे दीड असे लिहिलेले असणार, परंतु मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेताना मधली मोकळी जागा गळाली आणि दीडचे अकरा छेद दोन, म्हणजे साडेपाच झाले. तापमानातही तसेच घडले: अंशाचे छोटे वर्तुळ शून्य होऊन बसले आणि 350 चे 3500 झाले. तापमानाची चूक कोणाच्याही लक्षात येते, पण साडेपाच कप मैद्याची चूक वाचताना सहज निसटते आणि गुणाकार केल्यावर तर ती मोठ्या आकड्यांच्या गर्दीत पूर्ण लपते.

ती पकडण्यासाठी एक साधी कसोटी आहे. बटर घालून केलेल्या साध्या केकमध्ये मैदा आणि साखर वजनाने साधारण बरोबरीची असतात, अंड्यांचे वजन बटरइतके किंवा त्याहून थोडे जास्त असते आणि दर कप मैद्यामागे बेकिंग पावडर एक ते सव्वा टीस्पून असते. साडेपाच कप मैदा तीन अंडी आणि अर्ध्या कप दुधात घातला, तर केकचे सैलसर मिश्रण होणारच नाही, चमचाही फिरणार नाही असा घट्ट गोळा होईल. तेव्हा दोन्ही ठिकाणी दीडच असणार, हे निश्चित होते. याच्या उलट चूकही होते: काही वेळा ½ हे चिन्हच नाहीसे होते आणि दीड कपाचा नुसता एक कप उरतो. ही चूक अधिक फसवी असते, कारण एक कप हा आकडा दिसायला अगदी निर्दोष असतो. तेथेही हीच कसोटी कामाला येते.

## मुळात हा केक किती जणांचा?

मूळ मजकुरातली ‘इतक्या जणांसाठी’ ही ओळ बहुधा सगळ्यात वर असते आणि मजकूर उचलताना तीच मागे राहते. ती नसेल तर अंदाज करावा लागतो, आणि तो वजनावरून करता येतो. या केकचे सारे साहित्य ग्रॅममध्ये मांडले, तर मिश्रण सुमारे 775 ग्रॅम भरते. भाजताना पाण्याची वाफ होऊन साधारण दहावा हिस्सा घटतो, म्हणजे तयार केक सुमारे 700 ग्रॅमचा होतो. आठ इंची गोल केकचे आठ त्रिकोणी तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा 85 ते 90 ग्रॅमचा येतो, आणि एका माणसाला तेवढा पुरतो. म्हणून हा केक आठ जणांचा मानायला हरकत नाही.

आता हवे असलेले प्रमाण भागिले असलेले प्रमाण केले की येणारा आकडा म्हणजे गुणक. वीस भागिले आठ, अडीच. भाचीचा आकडा बरोबरच होता. पण तो अंतिम नव्हे, सुरुवातीचा अंदाज आहे. पुढे अंडी आणि टिन या दोघांशी बोलून तो थोडा सरकवावा लागणार आहे.

## गुणण्याआधी ग्रॅम

कप आणि चमचे यांना थेट गुणू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी सगळे वजनात आणावे आणि मग गुणावे. याचे पहिले कारण म्हणजे ‘कप’ हे एकच माप नाही. अमेरिकन पाककृतीतला कप सुमारे 237 मिलिलिटरचा असतो, तर अनेक ठिकाणी मिळणारा मेट्रिक कप 250 मिलिलिटरचा असतो. यावर कोणी म्हणेल की, सगळेच साहित्य एकाच कपाने मोजले तर आपसातले प्रमाण तेच राहते, मग कप लहान की मोठा याने काय बिघडते? हा आक्षेप अर्धा खरा आहे. मैदा, साखर, बटर आणि दूध एकत्र वाढतील, पण अंडी कपाने मोजत नाहीत आणि टिनही कपाबरोबर मोठा होत नाही. मोठ्या कपाने मोजलेल्या मिश्रणात अंड्यांचा वाटा नकळत कमी पडतो.

दुसरे कारण मैद्याचे आहे. चमच्याने हलकेच भरून वर सपाट केलेल्या एका अमेरिकन कपात सुमारे 120 ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर मैदा दाबला जातो आणि 140–150 ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे कप तोच, मोजणारा हात तोच, तरीही सहाव्या ते चौथ्या हिश्श्याइतका फरक. या फरकाने केक कोरडा होतो आणि दोष पाककृतीवर येतो.

आपल्या पाककृतीचे रूपांतर असे होते: दीड कप मैदा 180 ग्रॅम, एक कप साखर 200 ग्रॅम, अर्धा कप बटर 113 ग्रॅम, कवचाशिवाय सुमारे 50 ग्रॅमचे एक याप्रमाणे तीन मोठी अंडी 150 ग्रॅम, आणि अर्धा कप दूध सुमारे 120 ग्रॅम. बेकिंग पावडर, मीठ आणि व्हॅनिला चमच्यातच राहू द्यावेत, कारण घरगुती काट्यावर दोन-तीन ग्रॅम भरवशाने मोजले जात नाहीत. एक टीस्पून म्हणजे 5 मिलिलिटर आणि तीन टीस्पून म्हणजे एक टेबलस्पून, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मात्र पाककृती ऑस्ट्रेलियातली असेल तर तेथला टेबलस्पून 15 नव्हे, 20 मिलिलिटरचा असतो.

औंसाविषयी एक वेगळी सावधगिरी आहे. औंस हे वजनाचेही माप आहे आणि द्रवाच्या आकारमानाचेही. वजनाचा औंस सुमारे 28 ग्रॅमचा आणि द्रवाचा सुमारे 30 मिलिलिटरचा, त्यामुळे पाणी किंवा दूध मोजताना हा घोटाळा जाणवत नाही. मैद्याचे मात्र तसे नाही. आठ द्रव-औंस म्हणजे एक कप मैदा, त्याचे वजन सव्वाचार औंसांच्या आसपास असते. कोणी ‘8 औंस मैदा’ हे वाचून कप भरला, तर जेमतेम अर्धाच मैदा पडेल.

तापमानाचे फक्त रूपांतर करायचे असते, गुणाकार नाही. फॅरनहाइटच्या आकड्यातून 32 वजा करून 5 ने गुणावे आणि 9 ने भागावे. 350 चे 177 सेल्सिअस येतात, तेव्हा भट्टी 175 वर ठेवावी. पंख्याची भट्टी असेल तर साधारण 20 अंश कमी ठेवतात.

## अडीचपट म्हणजे साडेसात अंडी

आता अडीचने गुणू. मैदा 450 ग्रॅम, साखर 500, बटर 283, दूध 300. हे सारे कसेही मोजता येते. अंडी मात्र साडेसात येतात. अर्ध्या अंड्याची अडचण सोडवता येत नाही असे नाही: एक अंडे वाटीत फेटून एकजीव करावे आणि त्यातले 25 ग्रॅम घ्यावे. प्रमाण निम्मे करताना तर हाच मार्ग असतो. परंतु मोठ्या केकमध्ये दुसराही एक मार्ग आहे, आणि मला तो अधिक पसंत आहे. जो घटक तोडायला सर्वांत अवघड, त्यालाच गुणक ठरवू द्यावा.

तीनाची सात अंडी केली तर गुणक सात भागिले तीन, म्हणजे सुमारे 2.33 होतो. मग मैदा 420 ग्रॅम, साखर 467, बटर 264 आणि दूध 280. एकूण मिश्रण सुमारे 1,800 ग्रॅम होते, भाजून 1,600 च्या थोडे वर उरते आणि वीस तुकडे केले तर एकेक तुकडा साधारण 81 ग्रॅमचा येतो. आधीच्या तुकड्याहून हा पाच-सहा ग्रॅमने लहान आहे, आणि खाणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. अंडी आठ घेतली असती तर गुणक 2.67 झाला असता आणि मिश्रण सुमारे 260 ग्रॅमने वाढले असते. तेही चालले असते, पण तेवढे टिनमध्ये बसते का, हे पाहणे भाग आहे.

येथे कोणी विचारेल, सातच अंडी घेऊन बाकीचे सारे अडीचपट ठेवले तर? अर्ध्या अंड्याने हा केक फसणार नाही. पण मग पुढे दुधाचे आणि बटरचेही असेच जवळपासचे आकडे घेतले जातात, आणि प्रत्येक सवलत वेगळ्या दिशेला गेली की मूळ प्रमाण हातातून सुटते. सगळ्यांनाच एका गुणकाने हलवले तर प्रमाण जसेच्या तसे राहते आणि बदलतो तो फक्त तुकड्याचा आकार.

## टिनचे गणित व्यासाने होत नाही

आठ इंची, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटरच्या टिनमध्ये आठ जणांचा केक होतो, म्हणून सोळा जणांसाठी 40 सेंटिमीटरचा टिन घ्यावा, असे सहज वाटून जाते. तसे केले तर मिश्रण तळाला चपाती पसरावी तसे पातळ पसरते, कारण व्यास दुप्पट झाला की तळाचे क्षेत्रफळ चौपट होते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 20 च्या टिनच्या दुप्पट क्षेत्रफळ हवे असेल, तर 28 सेंटिमीटरचा टिन पुरतो.

आपल्याला हवा आहे तो असा टिन, ज्यात मिश्रणाची जाडी मूळ केकइतकीच राहील. कारण जाडी तीच राहिली, की पाककृतीतला वेळ आणि तापमान जवळपास तसेच वापरता येते. 20 सेंटिमीटरच्या गोल टिनच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस सेंटिमीटर आहे. 23 बाय 33 सेंटिमीटरचा आयताकृती टिन सर्रास मिळतो, आणि त्याचे क्षेत्रफळ 759 येते. भागाकार केला तर 2.42, आणि आपला गुणक 2.33. मिश्रण मूळ केकहून अगदी किंचित पातळ पसरेल, इतके किंचित की त्याचा विचारही करू नये. शिवाय लांबीचे पाच आणि रुंदीचे चार भाग केले की बरोबर वीस तुकडे पडतात. अंडी, टिन आणि माणसे या तिघांचे एका गुणकावर एकमत व्हावे, हे नेहमी घडत नाही. येथे ते घडले.

हा टिन भट्टीत मावणार नसेल तर 22 सेंटिमीटरचे दोन गोल टिन घ्यावेत. दोन्हींचे क्षेत्रफळ मिळून 760 भरते, म्हणजे जवळजवळ तेवढेच. मात्र टिनच्या चहूबाजूंनी गरम हवा फिरायला दोन-तीन सेंटिमीटर जागा उरते की नाही, हे टिन विकत आणण्याआधी पट्टीने मोजून पाहावे. दोन्ही टिन एका वेळी मावत नसतील तर सगळे मिश्रण एकदम कालवून अर्धे बाहेर ताटकळत ठेवू नये. बेकिंग पावडर ओली होताच काही वायू सोडू लागते आणि तेवढा फुगवटा वाट पाहण्यात वाया जातो. अशा वेळी दुसऱ्या टिनचे मिश्रण पहिला टिन बाहेर यायच्या सुमारास नव्याने कालवावे.

## वेळ का गुणायचा नाही

मिश्रण 2.33 पट झाले म्हणून 30 मिनिटांची 70 मिनिटे करायची नसतात. उष्णता मिश्रणात वरून, खालून आणि कडांकडून शिरते, आणि सर्वांत शेवटी पोहोचते ती मध्यभागी. तेव्हा एकूण मिश्रण किती आहे यापेक्षा, मध्यभाग बाहेरच्या गरम पृष्ठभागापासून किती दूर आहे, हे महत्त्वाचे. तीन वाट्या भात एकाच खोल पातेल्यात ठेवला तर तो तासाभरानेही मध्ये गरम लागतो, आणि तोच परातीत पसरला तर लवकर निवतो. केकमध्ये उष्णतेची दिशा उलटी असते, एवढाच फरक.

ढोबळमानाने, जाडी वाढली की वेळ जाडीच्या वर्गाच्या अंगाने वाढतो. म्हणून हेच सगळे मिश्रण 25 सेंटिमीटरच्या उंच टिनमध्ये घातले, तर जाडी दीडपट होईल आणि 30–35 मिनिटांचा केक तास-सव्वातासापर्यंत जाईल. तोवर 175 अंशांवर कडा कोरड्या आणि काळपट होतात, आणि मध्यभाग कच्चा राहून बाहेर काढल्यावर खचतो. खोल टिनला पर्यायच नसेल तर तापमान 10–15 अंशांनी कमी करावे आणि सबुरी ठेवावी. आपल्या पसरट टिनमध्ये मात्र जाडी तीच असल्याने वेळही साधारण तोच राहतो. मोठ्या टिनमुळे आणि जास्त थंड मिश्रणामुळे भट्टी थोडी मंदावते, म्हणून पाच-एक मिनिटे अधिक लागू शकतात. 28 व्या मिनिटाला पहिल्यांदा पाहावे. मध्यभागी खुपसलेली काडी ओले मिश्रण न चिकटता बाहेर आली पाहिजे, आणि बोटाने दाबलेला भाग पुन्हा वर आला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96 ते 99 अंश सेल्सिअस दिसले की केक झाला.

वेळेचा दुसरा घोळ फेटण्यात होतो. बटर आणि साखर ‘तीन मिनिटे फेटा’ असे लिहिलेले असते, पण तिथे 313 ग्रॅम होते आणि इथे 730 आहेत. तेव्हा घड्याळ न पाहता रंग पाहावा. मिश्रण फिकट आणि हलके होईपर्यंत फेटावे, मग त्याला पाच मिनिटे लागोत की सात. मैदा घातल्यानंतर मात्र याच्या नेमके उलट वागावे. मिश्रण जास्त आहे म्हणून जास्त वेळ ढवळले तर मैद्यातले चिवट प्रथिन बळावते आणि केक दडस होतो.

## ‘मोठ्या केकला बेकिंग पावडर कमी घालावी’ हे खरे का?

खरे आहे, पण सगळ्यांसाठी नाही. केक फुगत असताना त्याला टिनच्या कडांचा आधार मिळतो. टिन फार रुंद आणि खोल असेल तर मध्यभाग त्या आधारापासून दूर असतो आणि तो घट्ट व्हायलाही उशीर लागतो. तेवढ्या वेळात वायूचे बुडबुडे वाजवीपेक्षा मोठे होऊन फुटतात आणि केक मध्ये बसतो. म्हणून मोठमोठ्या थरांचे केक करणारे लोक टिनच्या आकाराबरोबर बेकिंग पावडरचे प्रमाण थोडे उतरवत नेतात.

आपला टिन पसरट आहे आणि मिश्रणाची जाडी बदललेली नाही, त्यामुळे येथे सरळ गुणाकार चालतो. दीड टीस्पूनचे साडेतीन, म्हणजे एक टेबलस्पून आणि अर्धा टीस्पून. त्याऐवजी सव्वातीन घातले तरी काही बिघडणार नाही, चार घालू नयेत एवढेच. केक मध्ये खचला तर दोन कारणे संभवतात. खचलेला भाग ओला आणि चिकट असेल तर केक कच्चा राहिला होता. तो नीट शिजलेला असून जाड भोकांचा आणि भुसभुशीत असेल, तर बेकिंग पावडर जास्त झाली होती.

## पाणी कधीच सरळ वाढत नाही

केकमध्ये भाजताना दहावाच हिस्सा उडतो, म्हणून तेथे पाण्याचा हिशेब निभावून जातो. शेगडीवर शिजणाऱ्या पदार्थांत तसे नसते. तेथे घातलेल्या पाण्याचे दोन वाटे असतात, पदार्थात मुरणारे आणि वाफ होऊन जाणारे. मुरणारे पाणी पदार्थाच्या प्रमाणात वाढते, परंतु उडणारे पाणी भांड्याचे तोंड किती रुंद आहे, झाकण कसे आहे आणि किती वेळ शिजते यांवर ठरते. भांडे तेच आणि वेळ तोच असेल, तर भात एका वाटीचा असो की चार वाट्यांचा, उडणारे पाणी जवळपास सारखेच.

समजा, एका वाटी तांदळाच्या मोकळ्या भाताला तुमच्या भांड्यात पावणेदोन वाट्या पाणी लागते. त्यातले साधारण वाटीभर तांदूळ शोषतो आणि पाऊण वाटी वाफेवाटे जाते. चार वाट्या तांदळाला सरळ गुणाकाराने सात वाट्या पाणी येते, आणि त्याचा हमखास गिचका होतो. खरी गरज चार वाट्या मुरणाऱ्या पाण्याची आणि पाऊण ते एक वाटी उडणाऱ्या पाण्याची, म्हणजे पाच वाट्यांच्या आतबाहेर. भात मऊ हवा असेल तर मुरणारा वाटा मोठा धरावा, पण उडणारा वाटा तेव्हाही चौपट होत नाही. सूप किंवा सॉस यांचेही असेच आहे: तिप्पट सूप तिप्पट पाणी घालून उकळले, तर ते आटायला फार वेळ लागतो, आणि तोवर भाज्या विरघळून जातात. म्हणून पाणी सुरुवातीला कमी घालावे, लागेल तसे वाढवावे.

## ‘आणि मीठ-मसाला? तो तर दुप्पट करूच नये म्हणतात’

हा समज फार पसरलेला आहे आणि तो जसा सांगितला जातो तसा बरोबर नाही. दोन किलो पदार्थात दुप्पट मीठ घातले तर प्रत्येक घासातले मीठ तेवढेच राहते. जिभेला एकूण पातेले कळत नाही, घासच कळतो. तरीही अनुभवी माणसे हात आखडता घेतात, त्यामागची कारणे वेगळी आहेत. एक तर वर सांगितल्याप्रमाणे पाणी कमी घातले किंवा जास्त आटवले, की मीठ आणि तिखट दाट होते. दुसरे म्हणजे मोठे पातेले उकळायला आणि निवायला जास्त वेळ घेते, त्यामुळे लवंग, दालचिनी, मिरी असे अख्खे मसाले अधिक काळ उतरत राहतात. तिसरे कारण असे की, कमी पडलेले मीठ घालता येते, जास्त पडलेले काढता येत नाही. म्हणून हिशेब पूर्ण गुणकाचाच करावा, त्यातला तीन चतुर्थांश आधी घालावा आणि उरलेला शेवटी चव घेऊन. केकमध्ये मात्र अशी चव घेण्याची सोय नाही. तेथे मीठ सरळ गुणावे. पाव टीस्पूनचे आपल्या गुणकाने अर्ध्या टीस्पूनहून किंचित जास्त होते.

परतण्यासाठी लागणारे तेल ही मात्र खरोखर न वाढणारी वस्तू आहे, कारण ते कढईचा तळ झाकण्यापुरते लागते. कढई तीच असेल तर दुप्पट कांद्याला दुप्पट तेल लागत नाही. पण दुप्पट कांदा एकदम टाकला तर त्याचे पाणी सुटून तो तांबूस होण्याऐवजी वाफेत शिजतो. तो दोन वेळा परतणे हाच तेथला उपाय.

## भाचीला पाठवलेले उत्तर

शेवटी मी तिला पाककृती पुन्हा लिहून पाठवली, ती अशी.

वीस तुकडे, 23 बाय 33 सेंटिमीटरचा टिन, मूळ प्रमाणाच्या 2.33 पट.
मैदा 420 ग्रॅम
साखर 465 ग्रॅम
बटर 265 ग्रॅम
मोठी अंडी 7
दूध 280 ग्रॅम
बेकिंग पावडर 1 टेबलस्पून आणि ½ टीस्पून
मीठ ½ टीस्पून, किंचित वर
व्हॅनिला सव्वादोन टीस्पून
भट्टी 175 अंश सेल्सिअस. 28 व्या मिनिटाला काडी घालून पाहा, 40 च्या पुढे जाऊ नये.

तिने लगेच विचारले, “मावशी, अंडी लहान असली तर?” मी लिहिले, “सगळी फोडून वजन कर. 350 ग्रॅम झाले पाहिजे. कमी पडलं तर आणखी एक फेटून त्यातलं लागेल तेवढंच घाल.”